खेळतं भांडवल

निळी शाई

कथा एका बैठकीत उतरली आहे, त्यामुळे कच्ची आहे. भाषेचं नंतर बघू, आधी हिशेब पटतो का ते सांगा. रकमा मुद्दाम दिलेल्या नाहीत. माझा दुकानदार पैसे दिवसांत मोजतो, म्हणून 'एका दिवसाचा गल्ला' हेच माप धरलं आहे.

---

दुकान विजेच्या सामानाचं होतं आणि वडिलांच्या हातचं होतं. गल्ल्याच्या ड्रॉवरला आतल्या बाजूने खडूच्या तीन रेघा होत्या. एक लांबलचक, एक आखूड, आणि तिसरी नखाएवढी. वडील म्हणायचे, शंभर आले तर अठ्ठ्याऐंशी मालवाल्याचे, सात भाड्याचे आणि पगाराचे, पाच आपले. ड्रॉवर उघडला की आधी रेघा बघायच्या, मग नोटा.

अ‍ॅप त्याला दुकानातल्या पोऱ्याने दाखवलं. पहिला महिनाभर त्याने चिल्लर लावली, थोडी गेली, थोडी आली. मग एका रविवारी पाच सामने एकत्र बांधून अर्ध्या दिवसाचा गल्ला लावला. पाचही निघाले तरच पैसे, एक जरी हुकला तरी सगळं पाण्यात. पाचही निघाले. भावाला भाव गुणत चाळीस पट झाली आणि स्क्रीनवर वीस दिवसांचा गल्ला उभा राहिला.

त्याने पहिला हिशेब केला तो तिसऱ्या रेघेचा. वीस दिवसांचा गल्ला, त्यात दिवसाला पाच आपले, म्हणजे चारशे दिवसांची शिल्लक. वर्षभराहून जास्त काळ शटर वर करायचं आणि खाली ओढायचं, ते सगळं एका संध्याकाळी. त्या रात्री तो झोपला नाही, पण ते जागरण काळजीचं नव्हतं.

पैसे खरंच मिळतात का हे बघायला त्याने पाच दिवसांचा गल्ला काढला. सकाळी तो बँकेत जमा होता. त्यातून दुकानावर नवी पाटी लागली, लोक थांबून बघून गेले. उरलेले पंधरा अ‍ॅपमध्येच राहिले.

आता अर्धा दिवस लावताना त्याला कसंतरीच वाटायला लागलं, जणू मोठ्या माणसाने गोट्या खेळाव्यात. तो एका वेळी दोन दिवसांचा गल्ला लावू लागला. बांधाबांध सोडली, एकेकच सामना, समसमान वाटणारा. आठवड्याला चार-पाच वेळा. निम्म्या वेळा जिंकायचा. एकदा पंधराचे बावीस झाले, मग अकरा, मग परत सतरा. ज्या रात्री सगळं गेलं असं म्हणता येईल अशी एकही रात्र त्या सात-आठ महिन्यांत आली नाही. नुसतं एक दिवस पाहिलं तर खात्यात काही नव्हतं. त्याला वाईटही वाटलं नाही. त्यांचेच पैसे त्यांच्याकडे गेले, एवढंच तो मनाशी म्हणाला.

मग एक शनिवार आला. गल्ला भरलेला होता आणि मालवाल्याचा माणूस मंगळवारी यायचा होता. शनिवार ते मंगळवार हे पैसे नुसते पडून राहणार, हा विचार त्याला त्या आधी कधी सुचला नव्हता. दोन दिवसांचा गल्ला लावला, जिंकला, सोमवारी गल्ल्यात परत ठेवला, मंगळवारी बिल चुकतं केलं. कुणाचं काही गेलं नाही. पुढच्या शनिवारी हरला आणि मंगळवारी म्हणाला, आठ दिवस थांबा. माणूस थांबला. तो वडिलांना ओळखत होता.

आठ दिवसांचे पंधरा झाले. पहिल्याचं बिल भागवायला त्याने दुसऱ्याकडून माल उधार उचलला आणि खरेदीच्याही खाली विकून रोकड केली. मग तिसऱ्याकडून. दुकानात गर्दी वाढली, कारण इतकं स्वस्त कुणीच देत नव्हतं. शेजारचे म्हणाले, पोराने धंदा वाढवला.

मध्येच एका रात्री त्याला सहा दिवसांचा गल्ला लागला. दुसऱ्या मालवाल्याचं जवळजवळ सगळं भागलं असतं. त्याने लगेच पैसे काढायला टाकले. स्क्रीनवर आलं, 'प्रक्रियेत'. त्याच्या खाली एक बटण होतं, 'रद्द करून खेळा'. पैसे सकाळी येणार होते. सकाळ लांब होती. दोन वाजेपर्यंत तो नुसता त्या बटणाकडे बघत राहिला.

बिल सकाळीही भागलं नाही.

बायको वर्षातून एकदा माल मोजायला दुकानात यायची. ती शिडीवर चढली आणि दिव्यांचा एक खोका उचलला. हलका होता. शेजारचा उचलला. तोही.

"पुढची रांग?" तिने विचारलं.

"पुढच्या दोन."

ती खाली उतरली नाही. शिडीवरच उभी राहून तिने एकेक खोका हलवून बघितला, शेवटपर्यंत.

नव्या भाडेकरूने गल्ल्याचं टेबलही ठेवून घेतलं. ड्रॉवर पुसताना त्याने विचारलं, "या रेघा कसल्या?" दुकानदार बघायला वाकला तेवढ्यात त्याच्या खिशात फोन थरथरला. परत येणाऱ्यांसाठी खास बोनस होता.

---

वाचनमात्र

हलके खोके! अंगावर काटा आला. शीर्षकाचा दुसरा अर्थ कथा संपल्यावर लागला.

पटकन

छान, पण महत्त्वाचा मुद्दा सुटला आहे. ही अ‍ॅपं नव्या माणसाला मुद्दाम जिंकवतात. चटक लागली की मग लुटायला सुरुवात. पहिला मोठा विजय हा सापळा असतो हे कथेत स्पष्ट यायला हवं होतं.

आकडेमोड

लेखकाने हिशेब तपासायला सांगितला आहे, तो केला. कथेतल्यापेक्षा भयंकर निघाला.

समसमान सामन्याला भाव साधारण १.९० असतो. म्हणजे १०० लावले आणि जिंकलं तर १९० परत, हरलं तर शून्य. निम्म्या वेळा जिंकणारा माणूस दर १०० मागे सरासरी ९५ परत मिळवतो. पाच अ‍ॅपचे. योगायोग बघा, दुकानदाराच्या तिसऱ्या रेघेचेही पाचच आहेत.

पण ते पाच कशावर आहेत ते पाहा. दुकानाचे पाच रोजच्या एका गल्ल्यावर, म्हणजे सातही दिवस उघडं ठेवलं तरी आठवड्याला एका दिवसाच्या गल्ल्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. अ‍ॅपचे पाच मात्र जेवढं लावलं त्या सगळ्यावर. दोन दिवसांचा गल्ला आठवड्यातून पाचदा, म्हणजे दहा दिवसांचा गल्ला फिरला, त्याचे पाच टक्के म्हणजे अर्धा दिवस. दुकान आठवडाभरात जेवढं कमावत होतं त्याहून अ‍ॅपची कात्री मोठी होती. आणि हे तो निम्मे सामने जिंकत असताना!

पंधरा दिवसांचा गल्ला, आठवड्याला अर्धा, म्हणजे तीस आठवडे. लेखकाचे सात-आठ महिने तंतोतंत बसतात. मुद्दाम की अंदाजाने?

त्याला कळलं का नाही, याचंही उत्तर यातच आहे. एका आठवड्यात पाच बाज्यांचा निकाल सहज चार दिवसांनी वर किंवा खाली जातो. चार दिवसांच्या उसळीत अर्ध्या दिवसाची गळती कोणाला दिसणार?

निळी शाई

@आकडेमोड, अंदाजाने. पण आता मुद्दाम होतं असं सांगत फिरेन.

आकडेमोड

@पटकन, फसवी अ‍ॅपं असतात आणि त्यातली काही तुम्ही म्हणता तसं करतात. स्क्रीनवर फुगवलेली रक्कम दाखवायची आणि काढायला गेलं की 'आधी कर भरा, मग देतो' म्हणायचं. कथेतल्या अ‍ॅपने मात्र पैसे दिले. अशा अ‍ॅपला कुणाला जिंकवायची गरजच नसते. पाच सामने एकत्र बांधले की कात्री पाचदा चालते, शंभरातले जवळपास तेवीस तिथेच जातात. तरीही पन्नासेक लोकांतला एक जिंकतोच. हजार नवे लोक आले तर वीसेक जण पहिल्याच महिन्यात राजा होतात. उरलेले बरेचसे कंटाळून जातात. हे वीस राहतात, आणि कथा त्यांच्याच लिहिल्या जातात. सापळा कुणी लावलेला नाही, चाळणी आहे.

पटकन

चाळणी म्हणा नाहीतर सापळा म्हणा, माणूस अडकलाच ना? आणि ते 'रद्द करून खेळा' बटण आपोआप उगवलं का?

आकडेमोड

बटणाबद्दल तुमचं बरोबर आहे. ते कुणीतरी विचार करून ठेवलेलं असतं. जिंकलेले पैसे पाठवायला वेळ आणि हरलेले घ्यायला क्षण, हा फरक तांत्रिक नाही.

एकला चालो

दुकानदार मूर्ख होता. त्याने दुपटीची पद्धत वापरायला हवी होती. हरलं की पुढच्या वेळी दुप्पट लावायचं. कधी ना कधी जिंकणारच, आणि जिंकलं की मागचं सगळं वसूल होऊन वर नफा. मी लहान रकमेवर करतो, अजून बुडालो नाही. कथेतलं अ‍ॅप कोणतं आहे?

वाचनमात्र

कथेतलं अ‍ॅप कथेतच आहे हो.

आकडेमोड

@एकला चालो, ही पद्धत फार जुनी आहे आणि १.९० च्या भावाला तर ती कागदावरही चालत नाही. वहीत करून बघा. १, २, ४, ८ लावून चारही हरलात, १५ गेले. पाचव्यांदा १६ लावून जिंकलात, नफा मिळतो १४.४. म्हणजे जिंकूनही तोट्यात. तिथून पुढे प्रत्येक पायरीवर खड्डा मोठाच होत जातो. सातव्या पायरीपर्यंत खिशातून १२७ निघालेले असतात आणि तिथे जिंकलात तरी पाचाहून जास्त कमीच.

सलग सात हरणं होत नाही असं वाटत असेल तर पाचशे वेळा नाणं उडवा. सलग सात छापे न दिसणं हेच नवल ठरेल. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग २६ वेळा काळा आला होता. लोक दर वेळी 'आता तरी लाल' म्हणत रक्कम वाढवत होते.

एकला चालो

मी पाच पायऱ्यांपर्यंत जातच नाही, चारला थांबतो.

आकडेमोड

तेव्हा पंधरा गेलेले असतात. ते कुठे लिहिता?

सोडून दिलेला

तीन वर्षं दहा महिने झाले. त्या आधी सहा वर्षं खेळलो. धंदा नव्हता, नोकरी होती, त्यामुळे मालवाले नव्हते, सहकारी होते.

कथेत एक गोष्ट मला खटकली. तुमचा दुकानदार त्या मोठ्या विजयाच्या मागे आहे असं वाटतं. माझ्या बाबतीत पहिला विजय मी वर्षभरात विसरलो होतो. लक्षात राहायचे ते थोडक्यात हुकलेले. पाचातले चार निघाले आणि पाचवा शेवटच्या मिनिटाला गेला की हरल्यासारखं वाटतच नाही. जवळजवळ जिंकल्यासारखं वाटतं, हात शिवशिवतात. पूर्ण हरलेल्या रात्री मी झोपायचो. हुकलेल्या रात्री कधीच नाही.

अजून एक, हे सांगायला लाज वाटते. खातं शून्य झालं की बरं वाटायचं. लावायला काही उरलं नाही म्हणजे आता झोपता येईल. तुमच्या माणसाला खातं रिकामं झालेलं पाहून वाईट वाटलं नाही असं लिहिलंय, तिथे मी थांबलो. कारण तुम्ही वेगळं दिलंय, पण घडतं तसंच.

शेवटच्या मेसेजबद्दल कुणी फिल्मी म्हणेल. मला अजून येतात.

उंबरठा

मी म्हणणार होते फिल्मी, आता गिळते. पण बायकोबद्दल बोलणारच. वर्षातून एकदा दुकानात येणारी, शिडीवर चढणारी, एक प्रश्न विचारणारी. एवढीच? तिच्या दागिन्यांचं काय, घरात पैसे कमी येत होते तेव्हा ती काय समजत होती? पुरुष बुडाल्याच्या कथांत बायका नेहमी शेवटी येऊन खोका उचलतात.

आमच्या घरात हे झालं आहे. माझा धाकटा भाऊ. उघडकीला आलं तेव्हा तो इतका रडला की आई-बाबांनी जमीन विकून सगळं कर्ज फेडलं. रक्कम त्याच्याच हातात दिली, त्याने स्वतः फेडून मोकळं व्हावं म्हणून. निम्मी फेडली. चार महिन्यांनी पुन्हा तेच, आणि या वेळी त्याला उधार द्यायला माणसं तयार होती, कारण मागच्या वेळी घरच्यांनी फेडलं हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या खेपेला वहिनीने त्याचा पगार स्वतःच्या खात्यात वळवला, ज्यांचे द्यायचे त्यांना ती स्वतः भेटली आणि हप्ते ठरवले, त्याच्या हातात पैसा दिला नाही. तो डॉक्टरांकडे जातो. बरा आहे का, ते मी सांगू शकत नाही. खेळत नाही, एवढं वहिनी म्हणते.

सोडून दिलेला

@उंबरठा, तुमच्या वहिनींनी केलं तेच माझ्याकडे झालं. माझ्या फोनमध्ये अजून बँकेचं अ‍ॅप नाही. चाळिशीच्या माणसाला रोजच्या खर्चाला पैसे मागावे लागतात, त्यावरून आमची भांडणं होतात. तरी मी ते अ‍ॅप परत मागितलेलं नाही.

फिरता विक्रेता

उशिरा आलो. एकोणीस वर्षं घाऊक मालाची विक्री आणि वसुली करतो, म्हणून दुकानाच्या बाजूने बोलतो. कथा बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. खरेदीखाली विकून गर्दी होणं आणि शेजाऱ्यांना ती भरभराट वाटणं, हे पाहिलेल्या माणसालाच सुचतं.

एक दुरुस्ती. खोके रिकामे होण्याच्या खूप आधी ऑर्डर बदलते. आधी माणूस महिन्यातून एकदा मोठी ऑर्डर देतो, सगळ्या प्रकारचा माल थोडा थोडा. मग ऑर्डर आठवड्याची होते, लहान होते, आणि तिच्यात फक्त झटपट खपणारा माल असतो. दिवे आणि वायर हवी, पण ज्याला सहा महिन्यांत एक गिऱ्हाईक येतं तो सुटा भाग नको. त्यामुळे फळीवर जुना, पडून राहिलेला मालच उरतो आणि दुकान लांबून भरलेलं दिसतं. साधा दिवा मागितला की 'उद्या येईल'. ज्या दुकानात साधा दिवा नाही आणि दहा वर्षांपूर्वीचा फ्यूज आहे, तिथे पैसा दुसरीकडे चालला आहे. कुठे ते कळत नाही. आजारपण असेल, घर बांधत असेल, सट्टाही असेल.

दुसरी खूण वसुलीची. तंगीतला साधा दुकानदार आम्हाला टाळतो. हा टाळत नाही. उलट नक्की तारीख देतो आणि कधीकधी तारखेच्या आधीच सगळं एकदम चुकतं करतो, तेही हसत. पुढच्या वेळी काहीच नाही. धंद्याचा पैसा असा येत नाही, तो रोज थोडा थोडा येतो.

आणि त्या तीन रेघा. नवीन दुकानदाराला मी हेच सांगतो की गल्ला म्हणजे तुझा पैसा नव्हे, त्यातला बराचसा माझा आहे. तो हसतो.

आकडेमोड

हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. माझ्या हिशेबात ही बाजू नव्हती. नोकरदार पगारातून खेळतो तेव्हा स्वतःचे पैसे घालवतो. दुकानदाराच्या हातातून रोज त्याच्या शिलकीच्या वीस पट रक्कम जाते आणि तिला कुलूपसुद्धा त्याचंच असतं.

निळी शाई

सगळ्यांचे आभार. ऑर्डरची खूण मी घेणार आहे, हलक्या खोक्यांच्या आधी. @उंबरठा, बायकोबद्दल पटलं. पण तिला आधीच कळलं असं दाखवलं तर ती गप्प का बसली हे लिहावं लागेल, आणि ते मला अजून माहीत नाही. @सोडून दिलेला, खातं शून्य झाल्यावरचं ते वाक्य तुमची हरकत नसेल तर बदलतो.

सोडून दिलेला

हरकत नाही. नाव घालू नका.

उंबरठा

@फिरता विक्रेता, एक विचारू? तुम्हाला ऑर्डर बघून सगळ्यांच्या आधी कळतं, घरच्यांच्याही आधी. असं एखादं दुकान लक्षात आलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

पटकन

मलाही हाच प्रश्न पडला होता.

फिरता विक्रेता

दोन दिवस उत्तर लिहून खोडतो आहे.

उधारी बंद केली. रोख द्या आणि माल घ्या असं सांगितलं. मग रोज संध्याकाळी गल्ला मोजायच्या वेळेला जाऊन बसायचो. तीन आठवड्यांत माझी वसुली पूर्ण झाली. बाकीच्या तिघांची राहिली, त्यांना मी काही बोललो नाही, बोललो असतो तर तेही येऊन बसले असते.

त्याची बायको दुकानाच्या वरच राहायची. जाता-येता जिन्यात भेटायची, कसे आहात विचारायची. मी बरा आहे म्हणायचो.